तात्यांच्या उंबरठ्यावरच्या ओव्या

तात्या मोहिते कुणाच्याही घरी गेले की बेल वाजवायच्या आधी खाली वाकून उंबरठा मोजतात. उजव्या हाताची बोटं आडवी टेकवायची, पुटपुटत मोजायची, मग गुडघ्यावर हात देऊन हळूहळू सरळ व्हायचं आणि मगच बेल.

आम्ही विश्रामबागेतल्या या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कचऱ्याची बादली ठेवायला दार उघडलं, तर समोर कुणीच नाही. खाली बघितलं तर एक पांढरी टोपी. मी किंचाळले. टोपीखालून आवाज आला, "भिऊ नगा वयनी. खालच्या मजल्यावर ऱ्हातो मी. हवालदार मोहिते, रिटायर." मग ते सरळ झाले आणि फार गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "दीड बोट. ह्येला उंबरा म्हणायचा व्हय? ह्येच्यावरनं पाय न्हाई, चप्पल अडखळती निस्ती."

मी म्हटलं, "अहो, बिल्डरनं दिलाय तसा आहे."

"बिल्डरला आय न्हाई का?" एवढं बोलून ते जिना उतरून गेले सुद्धा.

तात्या फौजेत स्वयंपाकी होते. त्यांच्या भाषेत 'लंगरला'. वीसेक वर्षं त्यांनी तीन-तीनशे जवानांचा स्वयंपाक केला. वय सत्तरीच्या पुढं, मिशी आखीव, चालणं अजून कवायतीचं. गाव औंधजवळ. बायकोच्या, शालनकाकूंच्या, दुखण्यासाठी सांगलीला आले आणि काकू गेल्यावर इथंच राहिले. मुलगा नाही. एक लेक, ती मिरजेत. ती दर रविवारी येऊन "आमच्याकडं चला" म्हणते आणि तात्या दर रविवारी "ओके रिपोर्ट" म्हणून तिला बसवर पोचवून येतात. ओके रिपोर्ट याचा अर्थ तात्यांच्या तोंडी काहीही होतो. जेवण झालं, पाऊस थांबला, बोलणं संपलं, आता निघा. सगळं ओके रिपोर्ट.

पण आमच्या भागात तात्या प्रसिद्ध आहेत ते वेगळ्याच गोष्टीसाठी. कुणाच्या घरी नवी नवरी यायची असली की उंबरठ्यावर तिच्या स्वागताच्या ओव्या तात्या म्हणतात. स्वतः रचून. बाप्यामाणसानं ओव्या म्हणायच्या म्हटल्यावर पहिल्यांदा बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तात्यांनी त्यांना एकदाच सांगितलं, "फौजेत तीनशे बाप्यांच्या भाकऱ्या मी थापल्यात. तवा कोण हसलं न्हाई. जेवली समदी." त्यानंतर हसणं बंद झालं. ओव्यांच्या बदल्यात ते काही घेत नाहीत. नव्या सुनेनं पहिल्यांदा केलेल्या शिऱ्याची एक वाटी मात्र त्यांना लागते, आणि ती ते उभ्यानंच खातात.

ओवीबद्दल त्यांचे नियम कडक. ओवीला तीन ओळी सारख्या लांबीच्या, त्यांचं यमक जुळलेलं, आणि चौथी आखूड. "तीन वळी म्हणूस्तवर पोरगीनं पाय उचलायचा. चौथ्या वळीला पाय आत. म्हणून ती बारकी. लांब केली तर पोरगी एका पायावर किती येळ उभी ऱ्हाणार? शालू, हार, मुंडावळ्या, वजन काय थोडं आस्तंय?" मी इतकी पुस्तकं वाचली, ओवीची चौथी ओळ आखूड का, याचं इतकं पटणारं कारण मला कुठं मिळालं नव्हतं.

पलीकडच्या बिल्डिंगमधल्या पाटलांच्या मुलाच्या लग्नात एक प्रसंग झाला. पाटलांनी गृहप्रवेशासाठी माणसं लावली होती. दारात धुराचं मशीन, फुलांची कमान, दोन कॅमेरे. तात्यांची ओवी झाली, नवरीनं उजव्या पायानं माप लवंडलं, तांदूळ आत सांडले. तेवढ्यात कॅमेरावाला म्हणाला, "मॅडम, पाय नीट आला नाही, परत एकदा." कुणीतरी तांदूळ भरले. नवरी मागं आली, पुन्हा माप लवंडलं. "अजून एकदा, स्माईल पाहिजे." तात्या मध्ये उभे राहिले.

"आरं गड्या, लक्ष्मी आत येती ती येकदा. तीनदा आत आली म्हंजे मधी दोनदा भाईर गेली का न्हाई? हिशेब कर की."

पाटलीणबाईंचा चेहरा पडला. त्यांनी कॅमेरावाल्याचा हात धरून त्याला कोपऱ्यात उभं केलं, आणि पुढचा सगळा कार्यक्रम त्यानं कोपऱ्यातून काढला. त्या व्हिडिओत म्हणे नवरीपेक्षा चपलांचा ढीग जास्त दिसतो.

मी हे सगळं लांबून बघून हसत होते. मग आमच्या सुजितचं लग्न ठरलं. मुलगी शिराळ्याची. प्राजक्ता. शाळेत गणित शिकवते. आणि तात्या आमच्या दारात येऊन उभे राहिले. हातात शाळकरी वही, कानावर पेन्सिल.

"वयनी, मुआयना करायचाय."

"कसला?"

"लंगरचा. तुमच्या सैपाकघराचा."

इथं मला तात्यांची खरी पद्धत कळली. बाकीचे लोक नवरीला लक्ष्मी म्हणतात, गृहलक्ष्मी म्हणतात, सोनपावलं म्हणतात. तात्यांना ते चालत नाही. "सोन्याची पावलं कुणाची आस्त्यात? खोटं नगं. ओवीत खोटं घातलं की ती पोरीच्या कामाची ऱ्हात न्हाई." त्यांच्या ओवीत त्या घराचं खरं सैपाकघर असतं. शेगडी कुठल्या बाजूला, पिण्याचं पाणी कुठं, डाळीचा डबा कुठला, कुठलं कपाट ओढल्यावर हातात येतं. नवरी उंबरठ्यावरून ओव्या ऐकत ऐकत आत येते, तोवर तिला सैपाकघराचा नकाशा पाठ झालेला असतो.

ते आत आले आणि एकेक डबा उघडून बघायला लागले. मी कॉलेजच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं काम केलं. तिथल्या तपासणीलाही मी इतकी घाबरले नव्हते.

"मीठ?"

"खालच्या फळीवर."

"गूळ?"

"वरच्या बरणीत. मुंग्या येतात म्हणून."

"ही मधली शेगडी पेटत का न्हाई?"

"पेटते, पण कळ जरा आत दाबून फिरवावी लागते."

ते सगळं वहीत गेलं. मग त्यांनी पेन्सिल थांबवली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आता राग कुठं ठेवलाय तेवढं सांगा."

"कुणाचा राग?"

"तुमचा. सैपाकघरात तुमाला काय चालत न्हाई?"

"मला काही नाही बाई तसलं. माझं सगळं चालतं."

"समद्या सासवा असंच म्हणत्यात. आन् मग आठ दिसांनी पोरगी रडत बसती, की माझं काय चुकलं." ते स्टुलावर बसले. "मला वेळ हाय वयनी."

तात्यांना खरंच वेळ होता. चहा झाला, पोहे झाले. शेवटी मी खालच्या आवाजात सांगितलं की दुधाच्या पातेल्यात कुणी चहा उकळला की माझं डोकं फिरतं. माझ्या आईचं पातेलं आहे ते. तात्यांनी लिहून घेतलं. जाताना म्हणाले, "आईचं हाय म्हणून सांगितलंत ते बरं केलं. पर ते आईचं ओवीत न्हाई घालत. ते तुमी तिला सांगा. कवा तरी."

लग्न शिराळ्यात झालं. संध्याकाळी नवरी घेऊन आम्ही सांगलीत पोचलो. तात्या जिन्यात उभे. टोपी धुतलेली, अंगात इस्त्रीचा सदरा. मी पुढं होऊन सुजित-प्राजक्ताच्या पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना पाणी लावलं, भाकरीचा तुकडा दोघांवरून ओवाळून दोन बाजूंना टाकला. तात्यांनी डोळे मिटले आणि आवाज लावला. गाणं म्हणावं असा काही तो आवाज नाही. पण दळताना बाई जशी स्वतःशी म्हणते, तसा तो सरळ, एका चालीत जातो.

दोन जिने गं चढून,
शिराळ्याची वेस सोडून,
दृष्ट टाकते काढून
सासूबाई.

माझ्या नणंदेच्या मुलीनं दार अडवलं. तिला प्राजक्ताकडून तिच्या होणाऱ्या लेकीचं वचन हवं होतं. ते मिळालं. नावं घेऊन झाली. सुजितनं घेतलेलं नाव इतकं वाईट होतं, की ते मी इथं लिहीत नाही. मग उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवलं.

उंबरा हा बोटभर,
माप त्याच्या काठावर,
उजवं पाऊल गं धर,
हळू सांड.

'बोटभर' म्हटल्यावर सगळे हसले. प्राजक्ताही हसली आणि चौथ्या ओळीला तिचा पाय बरोबर आत पडला. कुंकवाच्या पाण्याच्या ताटात पाय बुडवून ती देव्हाऱ्यापर्यंत गेली. फरशीवर तांबडी पावलं उमटली. देवाला नमस्कार करून आमची वरात सैपाकघराच्या दाराशी आली. तिथं तात्या बाहेरच थांबतात. आत जात नाहीत. मी प्राजक्ताच्या हातात हळदकुंकवाची वाटी दिली, तिनं शेगडीला बोटं लावली, आणि तात्या दाराबाहेरून म्हणाले:

डाव्या हाताला शेगडी,
मधली कळ हाय वाकडी,
दाबून फिरव थोडी,
पेटंल गं.

मीठ खालच्या फळीला,
गूळ वरच्या बरणीला,
दुधाच्या त्या पातेलीला
चहा नगं.

माझ्या जावा माझ्याकडं बघून असं हसल्या, की मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आता आयुष्यभर सगळ्या भावकीत मी दुधाच्या पातेलीची सासू. मी तात्यांकडं रागानं बघितलं. तर ते डोळे मिटून, मान खाली घालून शेवटची ओवी म्हणत होते. त्यांचा आवाज जरा लहान झाला होता.

आता घर तुझं बाई,
इचारायचं कुणा न्हाई,
भूक लागली की घेई
हातानं गं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, तर सैपाकघरात भांड्यांचा आवाज. प्राजक्ता एकटी. चहा झालेला, चहाच्याच पातेल्यात. रवा भाजायला घेतलेला. मला बघून म्हणाली, "आई, माझी मावशी मला सांगून ठेवत होती, पहिले आठ दिवस फार अवघड जातात, काय कुठं आहे ते कळत नाही, विचारायची लाज वाटते. मला काहीच विचारावं लागलं नाही." आणि मग हसून, "मधली कळ तेवढी दोनदा दाबावी लागते. तात्यांना सांगायला पाहिजे."

माझा सगळा राग तिथंच गेला. त्या पातेल्याची गोष्ट मी तिला शिरा होईपर्यंत सांगून टाकली.

शिऱ्याची वाटी घ्यायला तात्या आले. उभ्यानं खाल्ला. "साखर बराबर. वेलदोडा जरा जास्त. ओके रिपोर्ट." प्राजक्तानं त्यांना विचारलं, अगदी सहज, कौतुकानं, "तात्या, काकू पहिल्यांदा घरात आल्या तेव्हा कुठली ओवी म्हटली होती तुम्ही?"

तात्यांनी वाटी ओट्यावर ठेवली. "पळतो मी. नळाला पाणी आलं आसंल," म्हणाले आणि गेले. पाणी आमच्याकडं दुपारी येतं.

चार दिवस ते वर आले नाहीत. जिन्यात भेटले तर नुसतं ओके रिपोर्ट. प्राजक्ता कासावीस झाली. मला आजवर वाटायचं, तात्यांना मुलगा नाही, सून यायची नाही, म्हणून ते दुसऱ्यांच्या सुनांना दारात घेतात. इतकं साधं. पाचव्या दिवशी दुपारी प्राजक्ता मला घेऊन खाली गेली. तात्या वांगी चिरत बसले होते.

"तात्या, माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकतंय?" ते चिरत राहिले. हातातलं वांगं संपलं. मग बोलले.

त्यांचं लग्न आटपाडीच्या बाजूला, मुलीच्या दारात झालं होतं. तात्यांची आई ते लहान असतानाच गेलेली, बहीण नाही. घरात वडील आणि धाकटा भाऊ. अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती बसल्या आणि मांडवात तार आली. सुट्टी रद्द, ताबडतोब हजर व्हा. हळदीच्या अंगानं त्यांनी ट्रंक उचलली आणि तिथूनच एसटीनं मिरजेला जाऊन गाडी धरली. नवरी सासऱ्याबरोबर ट्रकमधून गावाला गेली. नवरा नाही, सासू नाही. पाठराखीण म्हणून आलेली धाकटी बहीण नऊ वर्षांची, ती वाटेतच झोपलेली.

"शेजारच्या हौसावयनींनी भाकरतुकडा टाकला म्हणं," तात्या म्हणाले. "बाकी दारात कोण न्हाई. आत गेली तर सैपाकघर बिनबाईचं. कुठं काय हाय, कोण सांगणार? आमच्या बाला, वडलांना, ती कशी इचारणार? मीठ गावलं न्हाई तिला. तीन दिस आळणी आमटी केली. बा आन् भाव गपगुमान जेवले. त्यास्नी वाटलं, तिकडं आटपाडीकडं असंच खात्यात."

मला हसू आलं आणि लगेच जिरलं.

"तीसुद्धा हसत सांगायची. लय वर्षांनी सांगितलं मला. आमी दोघंबी लय हसलो. लेकीला सांगितलं, जावयाला सांगितलं, समदी हसली." त्यांनी सुरी खाली ठेवली. "ती गेल्यावर येक दिस मी आमटीत मीठ घालत हुतो. आन् ध्यानात आलं, त्या तीन दिसांत मी तिकडं लंगरला तीनशे जवानांच्या आमटीला मीठ घालत हुतो. मुठीनं. आन् ही हिकडं चुलीफुडं बसून..."

त्यांनी वांग्याच्या फोडी पाण्यात टाकल्या.

प्राजक्ता म्हणाली, "मग काकूंसाठी आता रचा की ओवी."

तात्यांनी ती शाळकरी वही काढली. मागच्या पानांवर 'शालन' असं वर लिहिलेलं आणि खाली खोडलेल्या ओळी. पानंच्या पानं. "जमत न्हाई पोरी. चूल कंच्या अंगाला हुती, पाण्याचा रांजण भरल्याला हुता का, मीठ कुठं हुतं, त्या दिशी काय हुतं मला ठावंच न्हाई. मी सुट्टीवर आलो वरसानं. तवर तिनं समदं घर आपल्या हातानं बदललं हुतं. खोटं कसं घालू?"

आमच्या घरची देवी यमाई. लग्नानंतर जोडप्याला औंधला दर्शनाला न्यायचंच होतं. प्राजक्तानं मला काही न विचारता तात्यांना गाडीत घेतलं. तासगाव, विटा करत आम्ही दुपारच्या आत औंधला पोचलो. डोंगरावर दर्शन झालं, ओटी भरली. खाली उतरल्यावर प्राजक्ता म्हणाली, "तात्या, तुमचं गाव इथून किती लांब? हौसावयनी आहेत का अजून?"

"हायत की. ऐकू कमी येतंय. पर त्यास्नी काय इचारायचं? मी काय इचारू?"

"तुम्ही नका विचारू. मी विचारते."

हौसावयनी अंगणात बाजल्यावर बसून शेंगा फोडत होत्या. ऐंशीच्या घरातल्या, बारक्या, तोंडात दोन दात. तात्यांना बघून म्हणाल्या, "आलास व्हय रं शाम्या?" तात्यांना कुणी शाम्या म्हणू शकतं, याचंच आम्हाला नवल. शेजारी तात्यांचं घर, कुलूप लावलेलं. तात्या तिकडं न बघता उभे होते.

प्राजक्ता बाजल्यावर बसली आणि हौसावयनींच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, "आजी, शालनकाकू लग्न होऊन आल्या त्या दिवशी तुम्ही दारात होतात ना? काय काय झालं?"

"आगं बया, त्येला किती साल झाली!" पण त्या शेंगा फोडायच्या थांबल्या. "पोरगी उतरली ट्रकातनं, कडंवर झोपल्याली भैन. मी भाकरतुकडा टाकला. घरात माप गावंना, म्या माझं शेराचं माप आणलं घरनं. तांदूळ कुठलं? जुंधळं भरलं त्येच्यात. भैन घेतली म्या तिच्याकडनं. तिला म्हणलं, चल बाई, आत चल. तर आत जाईना."

"का?"

"का म्हंजे? नाव घेतल्याबिगार कशी जाईल? तिच्या आयनं सांगून धाडल्यालं, नाव घिऊनच उंबरा वलांडायचा. आन् दार अडवाया तर कोण न्हाई. म्या म्हणलं, बाई गं, हितं इचारणारंच कोण न्हाई, कशाला नाव घेतीस? तर म्हणली, मला घ्यायचंय." हौसावयनी हसल्या. "पाठ केल्यालं न्हवं हां. तिथंच रचलं. खणखणीत आवाज. मळ्यापतुर ऐकू गेलं आसंल."

तात्या दोन पावलं पुढं आले.

"तुम्हाला आठवतंय का आजी ते?"

"न आठवाया काय झालं? माझ्या सुनंला सांगितलं, नातसुनंला सांगितलं." त्यांनी पदर सावरला, जणू त्याच दारात उभ्या आहेत, आणि म्हणाल्या:

"दार अडवाया कुणी न्हाई, तरी इचारतोय उंबरा,
शामरावांचं नाव घेती, वाट सोड की जरा."

 सुजित उगाच गाडीची किल्ली फिरवत होता, ती थांबली.

"हे मला तिनं कवा सांगितलं न्हाई," तात्या म्हणाले.

"काय सांगायचं त्यात? तू हुतास का हितं?" हौसावयनींनी शेंग उचलली. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जे झालं ते त्या सांगत होत्या.

तात्यांनी त्यांच्या कानाजवळ जाऊन विचारलं, "मग नाव घेतल्यावर कोण काय म्हणलं, वयनी?"

"कोण म्हणणार? तुझा बा पडवीत बसल्याला. त्यो खोकला."

तात्या हसायला लागले. आधी मिशीतल्या मिशीत, मग मोठ्यानं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हौसावयनीही दोन दातांनी हसत होत्या. आम्हीही हसलो. मग आमचं थांबलं, हौसावयनींचं थांबलं, तात्यांचं मात्र थांबेना. प्राजक्ता उठली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

बऱ्याच वेळानं त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. खिशातून किल्ली काढून आपल्या घराचं कुलूप काढलं. दार करकरलं. आत अंधार आणि कोंदट वास. ते दाराबाहेरच उभे राहिले, आत बघत.

"मी तिला दारात घ्यायला न्हवतो," ते म्हणाले. आम्हाला म्हणाले का आतल्या अंधाराला, कळलं नाही. "आन् ती माझं नाव घिऊन आत गेली."

मग हौसावयनींकडं वळून, लहान पोरानं मागावं तसं म्हणाले, "वयनी, ते परत येकदा म्हणा की."